माप अंगाचं की कपड्याचं?

ऑनलाइन कपडे विकणाऱ्या अ‍ॅपवर हल्ली एक सोय दिसते. डोक्यापासून पायापर्यंतचा एक फोटो टाका, उंची लिहा, जमल्यास वजन लिहा, म्हणजे तुमचा साइझ आम्ही सांगतो. टेप शोधायला नको, कुणाला मदतीला बोलवायला नको, इंच आणि सेंटिमीटरचा हिशेब नको. खारघरसारख्या उपनगरात, जिथे दोघंही नोकरीला जातात आणि कुर्तीपासून शाळेच्या ट्रॅकपँटपर्यंत सगळं कुरिअरने घरी येतं, तिथे ही सोय मोहात पाडणारीच आहे. तरीही पार्सल उघडल्यावर कुर्ती छातीत आवळते, खांद्यावरून उतरते किंवा सीटवर अडते, आणि परत करण्याचा सोपस्कार सुरू होतो.

यावर नेहमीचं उत्तर असं की तंत्र अजून कच्चं आहे, कॅमेरे सुधारले की जमेल. मला हे उत्तर अर्धंच पटतं. फोटोवरून अंगाचं माप काढताना चुका होतात, त्यांची कारणं ठोस आहेत आणि त्यातल्या काही सुधारताही येतील. पण समजा, उद्या फोटोवरून अंग मिलिमीटरपर्यंत अचूक मोजता आलं, तरी कुर्ती बसेलच असं नाही. कारण साइझ ही अंगाची गोष्ट नाही, कपड्याची आहे, आणि कपड्याबद्दल फोटोला काहीच ठाऊक नसतं. हे नीट पाहायचं तर आधी फोटोवरून माप निघतं कसं, ते पाहायला हवं.

फोटो मिळाल्यावर संगणक पहिल्यांदा माणूस आणि मागची भिंत वेगळी करतो. मग खांदे, कोपरं, नितंब, गुडघे, घोटे यांच्या जागा ठरवतो. फोटोत सेंटिमीटर नसतात, फक्त ठिपके असतात. जवळची बुटकी व्यक्ती आणि लांबची उंच व्यक्ती फोटोत सारख्याच उंचीची दिसू शकते. म्हणून उंची विचारतात. उंची १६० सेंटिमीटर असेल आणि फोटोत माणूस १६०० ठिपक्यांत मावला असेल, तर एक ठिपका म्हणजे एक मिलिमीटर. हीच पट्टी मग सगळ्या अंगाला लावली जाते. म्हणजे सगळं माप तुम्ही लिहिलेल्या एका आकड्यावर उभं असतं. १६०च्या जागी हौसेने १६५ लिहिलं, तर छाती, कंबर, सीट सगळं तीन टक्क्यांनी फुगतं. नव्वदची छाती जवळजवळ त्र्याण्णव होते.

पण पट्टी बरोबर असली तरी समोरून काढलेल्या फोटोत दिसते ती रुंदी. कपड्याला लागतो घेर. रुंदीवरून घेर काढायचा तर शरीर पुढून मागे किती खोल आहे, हे कळायला हवं, आणि नेमकं तेच समोरच्या फोटोत नसतं. कंबरेचा आडवा छेद लंबवर्तुळासारखा धरू. समोरून रुंदी ३० सेंटिमीटर आणि पोटापासून पाठीपर्यंतची खोली २० सेंटिमीटर असेल, तर घेर साधारण ७९ सेंटिमीटर येतो. रुंदी तीच ठेवून खोली २४ केली की घेर ८५ होतो, आणि २७ केली की जवळजवळ ९०. तिघी जणी समोरून एकसारख्या दिसतील, पण दुकानात त्यांना तीन वेगवेगळे साइझ लागतील. एकाच फोटोवर भिस्त ठेवणारं कुठलंही अ‍ॅप इथे मोजत नाही, अंदाज करतं.

हा अंदाज कशाच्या जोरावर करतात? शरीराच्या सांख्यिकीय नमुन्यांच्या जोरावर. हजारो माणसांची त्रिमित स्कॅन घ्यायची, त्यांतून शरीरं एकमेकांपासून कशी वेगळी असतात याचे मोजके प्रकार काढायचे, आणि फोटोतल्या आकृतीवर त्यांतलं जुळणारं शरीर चढवायचं. या क्षेत्रात सर्वांत जास्त वापरला गेलेला असा नमुना जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २०१५ साली मांडला. त्याला ‘सिंपल’ म्हणतात. त्यात साधारण दहा आकड्यांत माणसाची अंगकाठी सांगता येते. समोरून दिसणारी रुंदी, उंची आणि वजन यांवरून हे दहा आकडे ठरवले की पोटाची खोली आपोआप बाहेर पडते. सरासरी माणसासाठी ती बऱ्यापैकी बरोबरही असते.

प्रश्न असा, की सरासरी कुणाची? सिंपलची अंगकाठी शिकवली गेली ती ‘सीझर’ नावाच्या सर्वेक्षणावर. विसाव्या शतकाच्या अखेरीला उत्तर अमेरिका, नेदरलँड्स आणि इटलीतल्या सुमारे चार हजार चारशे प्रौढांची ही स्कॅन. त्यात खारघरच्या बाईचं शरीर कुठेच नाही, आणि आपली शरीरं त्यांच्यापेक्षा वेगळी असतात हे पुण्यानेच जगाला दाखवून दिलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटासा लेख लिहिला आणि त्यात स्वतःचंच उदाहरण दिलं. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा होता: २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ पण आत चरबी जास्त, अशा भारतीय शरीराबद्दल याज्ञिकांनी केलेलं काम मधुमेहाच्या संदर्भात गाजलं. पण त्यातून कपडेवाल्यांनीही एक धडा घ्यायला हवा होता: उंची आणि वजन सांगितलं म्हणजे शरीर सांगितलं असं होत नाही. तेवढ्याच वजनात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते. चरबी पोटाशी जमली तर हातपाय बारीक राहतात आणि खोली वाढते ती नेमकी कंबरेला, म्हणजे समोरचा फोटो जिथे आंधळा असतो तिथे. बाहेरच्या सरासरीवर शिकलेलं यंत्र अशा बाईचे बारीक दंड पाहून कंबरही बारीकच धरण्याची शक्यता मोठी.

या उणिवेवर उत्तर शोधणारी संस्था खारघरच्या लोकांच्या रोजच्या वाटेवरच आहे. सेक्टर ४ मध्ये निफ्टची, म्हणजे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेची मुंबई शाखा आहे. निफ्टने केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयासाठी ‘इंडियासाइझ’ हा प्रकल्प हाती घेतला. पंधरा ते पासष्ट वयोगटातल्या पंचवीस हजार भारतीयांची देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या सहा शहरांत, पूर्ण शरीराच्या त्रिमित स्कॅनरने मापं घ्यायची आणि त्यावरून भारतीय साइझचा तक्ता बनवायचा, अशी ही योजना. इतकी वर्षं आपल्याकडचे रेडिमेड कपडे इंग्लंड-अमेरिकेच्या तक्त्यांत थोडाफार फेरफार करून बेतले गेले. म्हणून शर्ट छातीत बसला तर बाही लांब, आणि पँट कंबरेत बसली तर खाली दुमडावी लागते.

इंडियासाइझची पद्धत इथे मुद्दाम पाहण्यासारखी आहे, कारण फोटोला काय जमत नाही ते तिच्यावरून कळतं. स्कॅनरमध्ये माणूस अंगाला चिकटणाऱ्या कपड्यांत, ठरलेल्या पवित्र्यात उभा राहतो. चहूबाजूंनी एकाच वेळी मोजणी होते, त्यामुळे खोलीचा अंदाज करावा लागत नाही. पट्टी यंत्राचीच असते, माणसाने सांगितलेली उंची नव्हे. इतकं करूनही, स्कॅनरची मापं आणि तज्ज्ञाने हाताने घेतलेली मापं किती जुळावीत याचा जो आंतरराष्ट्रीय निकष आहे, त्यात छाती-कंबरेसारख्या मोठ्या घेराला ९ मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. मोठ्या यंत्राला जिथे जवळपास सेंटिमीटरची मोकळीक द्यावी लागते, तिथे दिवाणखान्यात घाईने काढलेल्या फोटोकडून काय अपेक्षा ठेवायची?

या दिवाणखान्याचाही हिशेब मांडू. सिडकोच्या घरात किंवा खाजगी टॉवरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सोफा, टीव्ही आणि टीपॉय यांच्यामधून फोटो काढायला मागे सरकता येतं ते साधारण दोन मीटर. फोटो काढणारा उभा राहतो, फोन डोळ्यांसमोर धरतो, म्हणजे जमिनीपासून दीड मीटरवर. पाय फोटोत यावेत म्हणून फोन खाली झुकवतो. समोर १६० सेंटिमीटर उंचीची बाई आहे, छाती ९०, कंबर ८०, सीट ९८. झुकलेल्या फोनला तिचं डोकं जवळ पडतं आणि पाय लांब. त्यामुळे डोक्याकडचा प्रत्येक सेंटिमीटर जास्त ठिपके घेतो आणि पायाकडचा कमी. अ‍ॅप मात्र सगळ्या उंचीला एकच पट्टी लावतं. भूमितीने हिशेब केला तर अशा फोटोत छातीची रुंदी सुमारे दहा टक्के, कंबरेची आठ टक्के आणि सीटची पाच टक्के जास्त दिसते. म्हणजे ९०ची छाती ९९, ८०ची कंबर ८६ आणि ९८ची सीट १०३च्या आसपास. नुसता आकार वाढला असता तर एक साइझ कमी करून भागलं असतं. इथे आकृतीच बदलली. जिची छाती सीटपेक्षा आठ सेंटिमीटरने कमी आहे, तिच्या फोटोतली छाती सीटपेक्षा जेमतेम चारने कमी. अशा मापाची कुर्ती छातीत ढगळ होणार, आणि मग बाई म्हणणार की या ब्रँडचं कटिंगच चुकीचं.

ही चूक टाळता येते. फोन कंबरेच्या उंचीवर, अगदी उभा, न झुकवता ठेवला आणि तीन मीटर मागे गेलं, की ती जवळजवळ नाहीशी होते. चांगली अ‍ॅप म्हणूनच फोन टेबलावर टेकवून उभा ठेवायला सांगतात आणि फोनमधल्या संवेदकावरून त्याचा कल तपासतात. बाजूने आणखी एक फोटो मागतात, म्हणजे खोलीही कळते. पण गॅलरीतला एखाद्या लग्नातला जुना फोटो टाकला तर तो कुठून, किती उंचीवरून, किती झुकवून काढला होता हे फोटोवरून खात्रीने सांगता येत नाही. तुमच्या फोटोवरची शिफारस कितपत विश्वासाची, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. एक फोटो डोळ्यांच्या उंचीवरून आणि एक कंबरेच्या उंचीवरून काढून द्या. दोन्हींतून वेगळा साइझ आला, तर समजा की अ‍ॅप तुमचं शरीर नव्हे, कॅमेऱ्याची जागा मोजत आहे.

इथपर्यंतच्या चुका भूमितीच्या आहेत आणि भूमितीने सुधारतील. पुढच्या अडचणी तशा नाहीत. पहिली कपड्यांची. शरीर मोजायचं तर ते दिसायला हवं, म्हणून अ‍ॅप घट्ट कपडे घालायला सांगतं. आपल्याकडे घरात गाऊन, सैल कुर्ता, ओढणी किंवा साडी असते, आणि घट्ट कपड्यांतला पूर्ण फोटो कुठल्या तरी अनोळखी कंपनीकडे पाठवायला बायका का-कू करतात, ते योग्यच आहे. मग सैल कपड्याखालचं शरीर यंत्राने पुन्हा सरासरीवरूनच ताडायचं. साडीच्या निऱ्या, पदराची घडी, खांद्यावरची ओढणी हे सगळं त्याला शरीराची जाडी वाटू शकतं.

दुसरी अडचण स्पर्शाची. माप घेणारा शिंपी किंवा सर्वेक्षण करणारा तज्ज्ञ काही जागा बोटांनी चाचपून ठरवतो: खांद्याचं टोक म्हणजे नेमकं कुठलं हाड, मानेमागचं वर आलेलं हाड कुठे, शेवटची बरगडी कुठे आणि कंबरेच्या हाडाची कड कुठे. मापशास्त्रात कंबर म्हणजे बरगडी आणि त्या कडेच्या मधली पातळी. फोटोत यातलं एकही हाड दिसत नाही. यंत्र आकृतीतली सर्वांत अरुंद जागा शोधतं. पोट सुटलेल्या माणसात अशी अरुंद जागाच नसते. शिवाय जीन्सची कंबर एका जागी बसते, सलवारची नाडी दुसऱ्या जागी, साडीचा परकर तिसऱ्या. कुठल्या कंबरेचा घेर काढायचा, हे कुठला कपडा घ्यायचा आहे त्यावर अवलंबून असतं, पण एकच फोटो बहुधा सगळ्या कपड्यांसाठी वापरला जातो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. समजा, या सगळ्या अडचणी सुटल्या आणि छाती ९० सेंटिमीटर, हे अगदी बरोबर निघालं. पुढे काय? रेडिमेड कपड्यांत एका साइझपासून पुढच्या साइझपर्यंत छातीत साधारण दोन इंचांचा, म्हणजे पाच सेंटिमीटरचा टप्पा असतो. समजा, एका ब्रँडचा मीडियम ८६ ते ९१ छातीसाठी आहे. अ‍ॅप प्रत्येक माप दोनच सेंटिमीटरने जास्त सांगत असेल, तर ८६ ते ८९ या पट्ट्यातल्या बायकांना बरोबर साइझ मिळेल, आणि ८९ ते ९१ मधल्या सगळ्या जणी लार्जमध्ये ढकलल्या जातील. पाचांतल्या दोन सेंटिमीटरवरच्या, म्हणजे ढोबळमानाने दर पाचांतल्या दोघी. टेपवर दोन सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही. साइझच्या कप्प्यांत तेवढ्याच फरकाने चाळीस टक्के चुकतं. हे गणित विकणाऱ्यांनी ग्राहकांना कधी सांगितलेलं मी पाहिलेलं नाही.

आणि हे कप्पे तरी सगळीकडे सारखे कुठे आहेत? एका ब्रँडचा मीडियम दुसऱ्याचा लार्ज असतो. ग्राहकाला बरं वाटावं म्हणून मोठ्या कपड्यावर लहान आकडा लावण्याची रीत जगभर आहे. कुर्तीवरचा ३८ हा आकडा कुणाकडे छातीचं माप असतं, कुणाकडे कपड्याचं. अंगाचं माप आणि कपड्याचं माप यांत फरक असतो, त्याला टेलर ‘लूझिंग’ म्हणतात. सुती सरळ कुर्तीला छातीत तीन-चार इंच लूझिंग असलं तर हात सहज वर जातो. ताणणाऱ्या कापडाच्या टॉपला शून्य किंवा त्याहूनही कमी चालतं, कारण कापडच ताणून घेतं. एकाच अंगासाठी दोन कपड्यांचे घेर त्यामुळे पाच-सहा इंचांनी वेगळे असू शकतात, आणि दोन्ही बरोबर असतात. त्यावर आवड वेगळी. कुणाला कुर्ती अंगाबरोबर हवी असते, कुणाला दोन बोटं सैल. फोटो अंग दाखवतो. आवड, कापड आणि लूझिंग यांतलं काहीच दाखवत नाही.

एकाच गठ्ठ्यातले मीडियमसुद्धा एकमेकांसारखे नसतात. कापडाचे पन्नास-शंभर थर एकावर एक रचून यंत्राने कापताना वरच्या आणि खालच्या थरांत फरक पडतो. शिवताना शिलाई थोडी आत-बाहेर होते, आणि धुतल्यावर सुती कापड आटतं. म्हणून कारखाने छातीच्या मापात साधारण सेंटिमीटरभराची सूट ठरवूनच ठेवतात. घरी शिवणाऱ्या टेलरकडे यावर उपाय असतो. ब्लाऊजच्या शिवणीत तो दोन्ही बाजूंना माया ठेवतो, घट्ट झालं तर उसवून सोडतो. रेडिमेडमध्ये कापड वाचवण्यासाठी ही माया जवळजवळ काढून टाकलेली असते. तिथे माप चुकलं की चुकलं.

अंग अचूक मोजण्याचा मोठा प्रयोग जपानमध्ये होऊन गेला आहे. तिथल्या झोझो या ऑनलाइन फॅशन कंपनीने २०१८ साली ग्राहकांना अंगाला घट्ट बसणारा काळा सूट घरपोच पाठवला. त्यावर शेकडो पांढरे ठिपके होते. फोन समोर ठेवून माणसाने घड्याळाच्या काट्याप्रमाणे बारा दिशांना वळायचं, आणि ठिपक्यांवरून अ‍ॅपने शरीराची त्रिमित आकृती बनवायची. सैल कपडे, खोली, झुकलेला कॅमेरा यांतल्या बहुतेक अडचणींवर या सूटने मात केली होती. कंपनीने अनेक देशांत मापाचे कपडे विकायला सुरुवात केली, आणि पुढच्याच वर्षी परदेशातला हा पसारा आवरता घेतला. माझ्या दृष्टीने त्यातला बोलका भाग वेगळाच आहे. पुरेशी मापं जमल्यावर कंपनीचे तेव्हाचे प्रमुख युसाकू माएझावा यांनी सांगितलं, की आता सूटची फारशी गरज उरणार नाही, उंची-वजनासारख्या माहितीवरून साइझचा अंदाज बांधता येईल. म्हणजे कोट्यवधी खर्चून शरीर मोजल्यावरही गाडी पुन्हा सरासरीवरच आली.

आपल्याकडे या प्रश्नावर एक जुनं उत्तर रोज वापरात आहे, आणि ते ऑनलाइनवाल्यांनी पाहिलेलंच दिसत नाही. ब्लाऊज शिवायला टाकायला गेलं की टेलर पहिला प्रश्न विचारतो, “ताई, मापाचा ब्लाऊज आणलाय का?” तो टेप गळ्यात अडकवून उभा असतो, माप घेणं हाच त्याचा धंदा, तरीही तो अंगाऐवजी आधी ब्लाऊज मागतो. कारण नीट बसणाऱ्या ब्लाऊजमध्ये सगळी उत्तरं आधीच शिवलेली असतात: छातीत किती लूझिंग आवडतं, मुंढा किती खोल लागतो, पाठीचा गळा किती चालतो, बाही कुठे आवळलेली खपत नाही. अंगाच्या मापात यातलं काहीच नसतं. तो ब्लाऊज सपाट पसरून मोजायला दोन मिनिटं लागतात, आणि त्यात श्वास रोखून धरण्याचा, पोट आत घेण्याचा किंवा कॅमेरा झुकण्याचा प्रश्न येत नाही.

ऑनलाइन खरेदीत हेच करता येतं. तुम्हाला सर्वांत छान बसणारी त्याच प्रकारच्या कापडाची कुर्ती पलंगावर सपाट पसरा. एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतची रुंदी मोजा आणि दुप्पट करा, हा झाला कपड्याचा छातीचा घेर. तसंच कंबरेला, सीटवर, एका खांद्याच्या शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत, आणि मुंढ्याचंही मोजा. हे पाच आकडे कागदावर लिहून कपाटाच्या दारावर चिकटवले तरी चालतील. मग विकत घ्यायच्या कुर्तीच्या पानावरचा तयार कपड्याच्या मापांचा तक्ता पाहा. काही मोठ्या विक्रेत्यांच्या पानांवर दोन तक्ते असतात, एक अंगाचा आणि एक कपड्याचा. तुम्हाला हवा तो दुसरा. कपड्याच्या मापाची कपड्याच्या मापाशी तुलना केली की लूझिंग, आवड आणि अंग या तिन्ही गोष्टी एकाच वेळी हिशेबात येतात. कापड मात्र सारखं हवं. सुती कुर्तीवरून ताणणाऱ्या टॉपचा साइझ काढला तर फसगत होईल.

यावर रास्त आक्षेप आहे. ज्यांच्याकडे नीट बसणारा कपडाच नाही, त्यांनी काय करायचं? वाढत्या वयातली मुलं, नुकतीच बाळंत झालेली बाई, महिन्याभरात दहा किलो वजन कमी-जास्त झालेला माणूस, किंवा पहिल्यांदाच ब्लेझर घेणारा कॉलेजचा मुलगा. यांना मापाचा कपडा आणायला सांगणं निरर्थक आहे, आणि इथे फोटोचा उपयोग आहे. समोरचा आणि बाजूचा असे दोन फोटो, उभा ठेवलेला फोन आणि खरी उंची, एवढ्यावर एखादी चांगली प्रणाली लार्ज आणि डबल एक्सएलमध्ये घोटाळा होऊ देणार नाही. ताणणारा टीशर्ट किंवा सैल नाइट सूट घ्यायचा असेल, तर मीडियम आणि लार्जमधली चूकही फारशी जाणवत नाही. २०२० साली अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत फोटो, उंची आणि वजनावरून मापाचा कपडा शिवून द्यायला सुरुवात केली, तेव्हा निवडला तो टीशर्टच. ब्लाऊज किंवा सूट निवडला असता तर पहिल्याच महिन्यात कळून चुकलं असतं. थोडक्यात, फोटो मोठी चूक टाळायला चालतो, बारीक निवडीला नाही. तो बारीक निवडही करून देतो असं सांगितलं जातं, तिथे आक्षेप आहे.

दुसरा आक्षेप असा, की इंडियासाइझसारख्या प्रकल्पातून भारतीय शरीरांची खरी सरासरी मिळाली की फोटोचे अंदाज सुधारतील. सुधारतील, यात शंका नाही. याज्ञिकांनी दाखवलेला फरक ज्या यंत्राला ठाऊक असेल, ते पोटाची खोली जास्त अचूक ताडेल. पण त्या सर्वेक्षणाचा खरा फायदा दुसरीकडे आहे. भारतीय शरीरांची प्रमाणं कळली, की कपडेच वेगळ्या प्रमाणांत बेतता येतील. छाती ९० असणाऱ्या बायकांची सीट सर्वसाधारणपणे किती असते, खांदे किती, हे कळलं तर मीडियम हा साइझच बदलेल. चुकीच्या तक्त्यात माणसाला अचूक बसवण्यापेक्षा तक्ता माणसांना बसेलसा करणं केव्हाही बरं. खारघरच्या निफ्टमधले विद्यार्थी उद्या एखाद्या ब्रँडसाठी पॅटर्न बनवतील, तेव्हा या मापांचा सर्वांत चांगला उपयोग तिथे होईल, फोटो घेणाऱ्या अ‍ॅपमध्ये नव्हे.

म्हणून विक्रेत्यांकडून काय मागायचं, हेही स्पष्ट हवं. फोटो मागण्याआधी त्यांनी प्रत्येक साइझच्या तयार कपड्याची छाती, कंबर, सीट, खांदा, मुंढा आणि लांबी द्यावी, आणि कारखान्यात ठरवलेली कमी-जास्त सूटही द्यावी. कापड ताणतं की नाही आणि धुतल्यावर किती आटतं, ते लिहावं. साइझ सुचवायचाच असेल, तर एका अक्षरात हुकूम सोडू नये. “छातीत मीडियम बसेल, पण सीटवर लार्ज लागण्याची शक्यता आहे” असं सांगावं, म्हणजे निवड ग्राहकाच्या हातात राहील. ही माहिती कारखान्यात आधीपासूनच असते, कारण तिच्याशिवाय कपडा कापताच येत नाही. ती पानावर छापायला नवं तंत्रज्ञान लागत नाही.

फोटोचा आग्रह धरण्यामागे एक सोयीचा समज आहे, की न बसलेल्या कपड्याला ग्राहकाचं न समजलेलं शरीर जबाबदार आहे. त्या समजुतीमुळे कपड्याबद्दलची माहिती लपलेली राहते आणि माणसाच्या शरीराबद्दलची माहिती गोळा होत जाते. हे उलटं व्हायला हवं. विकणाऱ्याने कपडा पूर्ण उघडा करून दाखवावा. अंग किती उघडं करायचं आणि कुणाला दाखवायचं, हे घेणाऱ्याने ठरवावं.